बाईंच्या अडचणीची चिठ्ठी

माझे अक्षर बरे आहे. माझ्याबद्दल लोक चांगले बोलायचे ते एवढेच. जेऊरच्या शाळेत मी मराठी चार इयत्ता शिकले. चौथीत मास्तरांनी पत्रलेखन शिकवले आणि पुढे शाळा सुटली. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या घरी गिरणीच्या हजेरी-कचेरीत कारकून असलेले हे, सासूबाई आणि मी अशी तीनच माणसे होती. ह्यांचे अक्षर किड्यामुंगीसारखे होते. कचेरीत द्यायचा काही अर्ज असला की हे कच्चा लिहीत आणि मी तो पक्का करून देई. तोंडाने बोलायचे म्हटले की माझ्या घशात काहीतरी अडकायचे. कागदावर तसे होत नसे. त्यामुळे मला वाटायचे, आपण कागदावर तरी चुकत नाही.

त्या चिठ्ठीनंतर मला तसे वाटेनासे झाले. काय झाले ते लिहून काढते. तेव्हा मला नीट समजले नव्हते आणि अजूनही सगळे समजले आहे असे म्हणता येत नाही.

आमच्या गल्लीपासून थोड्या अंतरावर मुलींची शाळा होती. तिच्या मागच्या अंगाला शिवणाची एक लांबट खोली होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी तीन ते चार त्या खोलीत बायकांचा आसनांचा वर्ग भरे. शिकवणाऱ्या बाई पस्तिशीच्या होत्या. नवरा गेल्यावर भावाकडे राहत होत्या. भाऊ मुलांच्या शाळेत कवाईत शिकवी आणि पहाटे आसने करी. त्याचे पाहून त्या शिकल्या होत्या. मग त्यांनी घरोघर जाऊन सासवांना सांगितले की आसने केली तर सुनांची कंबर दुखणार नाही, पोट धरून बसणार नाहीत, दुखणे अंगाला शिवणार नाही. माझी कंबर तेव्हा फार दुखे. सासूबाईंनी विचार करून परवानगी दिली.

"तीन ते चार," त्या म्हणाल्या. "चाराच्या वर पाच मिन्टं झाली तर मी दाराला कडी घालनार. सांगून ठेवते."

त्यांनी कधी कडी घातली नाही, पण मी कधी उशीरही केला नाही.

तो तास माझा होता. खोलीच्या खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लावलेले असत. आम्ही लुगड्याचा काचा घट्ट मारून सतरंज्यांवर बसायचो आणि बाई सांगतील तसे वाकायचो. गुडघ्याला कपाळ टेकवून मी डोळे मिटले की मला कोणी हाक मारायचे नाही. शेवटी शवासन असे. सासरी येऊन दोन वर्षे झाली होती, पण दिवसाउजेडी पाठ टेकून पडायला मला त्याच खोलीत मिळाले. त्यासाठी मी काय वाटेल ते केले असते.

वर्गाचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच फिरले. जिला महिन्याची अडचण असेल तिने आसने करायची नाहीत, दाराबाहेरच्या पायरीवर बसून नुसते पाहायचे. बाई दर खेपेला विचारायच्या, "आज अडचण कुणाला?" एखादी दुसरी मान खाली घालून पायरीवर जायची. बाई स्वतःसुद्धा हा नियम पाळीत. चिठ्ठीच्या आधीच्याच आठवड्यात त्या पायरीवर बसूनच आम्हाला तोंडाने आसने सांगत होत्या, हे सगळ्यांनी पाहिले होते.

एका बुधवारी सकाळी शाळेतल्या मावशी आमच्या दारात आल्या. मावशी म्हणजे शाळा झाडणारी, घंटा देणारी, कुंभारी गावची म्हातारी. खोलीची किल्लीही तिच्याकडेच असे. "बाईंनी बलिवलंय," ती म्हणाली. "कागद-दौत घेऊन या म्हन्ल्यात."

बाई भावाच्या घरी माजघरात दोन गोधड्यांखाली पडल्या होत्या आणि तरी त्यांचे दात वाजत होते. रात्रीपासून हिवताप भरला होता. डॉक्टर कोयनेलच्या गोळ्या देऊन गेले होते आणि शनिवारपर्यंत अंथरूण सोडू नका म्हणून बजावून गेले होते.

"एक चिठ्ठी लिही," त्या म्हणाल्या. "गुरुवार आणि शनिवार वर्ग नाही. बुडालेले दोन्ही वर्ग भरून द्यायचे. शाळेच्या मोठ्या बाईंना भावाकडून विचारलंय. त्या सोमवारी खोली देतायत. एक या सोमवारी, एक त्याच्या पुढच्या. दोन्ही सोमवारी तीनलाच."

मी मान हलवली.

"आणि ऐक. सोमवारी खोलीत शिवणाच्या मुली असतात. मोठ्या बाई त्यांना ओसरीवर काढून आपल्याला जागा देणार आहेत. म्हणाल्या, निदान बारा जणी तरी आल्या पाहिजेत. दोन-चार जणींसाठी मी मुली उन्हात बसवल्या असं व्हायला नको. बारा आल्या नाहीत तर येत्या महिन्यापासून खोली भरतकामाला देणार. त्या मोजायला येणार आहेत."

खोली गेली की वर्ग गेला. भावाच्या घरात दोन सतरंज्या अंथरायलासुद्धा जागा नव्हती.

मी लिहायला बसले. "बाईंस हिवताप" एवढे लिहिले, तेवढ्यात त्यांनी गोधडीतून हात काढून कागदावर ठेवला. हात भाजत होता.

"ताप लिहू नकोस. आसनं करणाऱ्याला दुखणं शिवत नाही असं मी घरोघर सांगून बायका आणल्यात. आता माझाच ताप कागदावर बसून घरोघर फिरला तर सासवा काय म्हणतील?"

"मग काय लिहू?"

"लिही काहीतरी. तुला लिहिता येतं."

त्यांनी डोळे मिटले. मला काय लिहावे ते सुचेना. कामावर येत नाही असे सांगणारी एकच भाषा मला ठाऊक होती, ती ह्यांच्या रजेच्या अर्जाची. "घरगुती अडचणीमुळे दोन दिवस हजर राहता येणार नाही" हे वाक्य मी किती वेळा पक्के करून दिले होते. बाईंची अडचण घरगुती नव्हती, म्हणून तेवढा शब्द मी गाळला. खोटे नको असा विचार केला. नवा कागद घेऊन लिहिले ते असे होते:

"आसनांच्या वर्गास येणाऱ्या सर्व भगिनींस कळविण्यात येते की, बाईंना अडचण आल्यामुळे येत्या गुरुवारचा व शनिवारचा वर्ग होणार नाही. त्याबद्दल एक वर्ग येत्या सोमवारी व दुसरा त्यापुढील सोमवारी, नेहमीच्या जागी, दुपारी तीन वाजता घेण्यात येईल. बाकीचे वर्ग पुढच्या मंगळवारपासून नेहमीच्या वारी होतील. येताना सतरंजी आणावी. जेवण वर्गाच्या आधी तीन तास आटोपावे. सोमवारी सर्वांनी अवश्य यावे. वाचून मागे सही अगर खूण करावी."

वर मिती आणि वार घातला. दुसरी प्रत करून शाळेच्या फळ्यावर लावायला दिली. पहिली मावशी घरोघर घेऊन जाणार होती. वाचून दाखवू का म्हणून बाईंकडे पाहिले, तर त्यांना झोप लागली होती. भावाची बायको, त्यांच्या वहिनी, त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवत होत्या. कागद मावशीच्या हातात दिला. ह्यांच्या अर्जापेक्षाही अक्षर चांगले आले होते.

गुरुवारी कोणी आले नाही. आपली चिठ्ठी पोचली असे मला वाटले. शुक्रवारी सकाळी गल्लीच्या नळावर गेले तर समोरच्या वहिनी माझ्याकडे पाहून पदरात हसल्या. ह्या वहिनींचा आवाज मोठा होता. त्या वर्गाला येत आणि शवासनात घोरत.

"काय बाई, धीट झालीस," त्या म्हणाल्या. "मुकी मुकी म्हणता म्हणता पेपरात छापायला निघालीस."

"काय छापलं मी?"

"आता आमच्याच तोंडानं वदव." आणि त्या घागर उचलून गेल्या.

मला काही उलगडेना. अक्षर फार मोठे काढले की काय, "भगिनींस" लिहिले ते फार शहाणपणाचे झाले की काय, असे नाही नाही ते मनात आले. ह्यांना विचारावे तर काय विचारायचे तेच कळत नव्हते.

शनिवारी अडीच वाजता मी तांदूळ निवडत बसले होते. रस्त्यावरून बायकांचा आवाज आला. पाहते तर समोरच्या वहिनी, त्यांच्यामागे विणकरांच्या घरातल्या अक्का आणि आणखी तीन जणी, काखेत सतरंज्या घेऊन काचा मारून निघालेल्या. अक्का म्हणजे आमच्या वर्गातली तेलुगू बाई. घरात चार माग होते आणि तिचे मराठी आमच्याहून गोड होते.

"ये की," वहिनी म्हणाल्या. "चौथा दिवस. बाई आज न्हाऊन मोकळ्या."

ताप उतरल्यावर अंगावरून पाणी घेतात. मी म्हटले, हिला कसे कळले? बाईंना बरे वाटले असेल आणि मला न सांगता त्यांनी दुसरा निरोप पाठवला असेल. "पण चिठ्ठीत शनिवारी नाही म्हणून लिहिलंय," मी म्हणाले.

"ते तू चुकून लिवलंस की," अक्का म्हणाली. "बुधवारी बसल्या, तर शनिवारी न्हायच्या. सोमवार कुटून आला? मी घरात बोटं मोजून बगितली."

बुधवारी बसल्या म्हणजे कुठे बसल्या हे मी विचारले नाही. बाई तर पडलेल्या होत्या. पण पाच जणी एक बोलत होत्या आणि मी एकटी होते. मला नेहमी वाटते की पुष्कळ माणसे एक बोलत असली तर तीच खरी. मी सतरंजी घेतली. सासूबाईंना म्हटले, वर्ग आहे. त्या म्हणाल्या, "न्हाई म्हनत हुतीस न्हवं?" मी सतरंजी काखेत मारून निघाले.

खोलीला कुलूप होते. शनिवारी शाळा दुपारी सुटते आणि वर्ग नसला की मावशी किल्ली घेऊन कुंभारीला निघून जाते, हे मला माहीत होते आणि तरी मी आले होते. आणखी दोघी तिथे आधीच येऊन उन्हात उभ्या होत्या.

"आता काय कुलपाला नमस्कार घालू?" वहिनी म्हणाल्या.

एक जण म्हणाली, बाईंच्या घरी जाऊन विचारू. आम्ही सगळ्या गेलो. माजघराच्या दारातून पाहिले तर बाई अंथरुणातच होत्या, डोळे खोल गेलेले. त्यांच्या वहिनींनी त्यांचे डोके मांडीवर घेऊन पेज पाजली, वाटी खाली ठेवली आणि तशाच उठून चुलीपुढे गेल्या. भाकरी थापायला लागल्या.

माझ्याबरोबरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. अक्काने पदर तोंडाला लावला. बाईंनी डोळे उघडले आणि त्यांना आमच्या काखेतल्या सतरंज्या दिसल्या.

"आज कशाला आलात?" त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "सोमवारी ना?"

आम्ही तशाच मागे फिरलो. परत येताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "घरात इतकं सगळं कालवलेलं चालतं, आणि आम्हाला मात्र पायरी." एक जण म्हणाली, "माझ्या सासूला कळलं तर मला पुन्हा पाठवायची नाही." दुसरी म्हणाली, "माझी तर आधीच नाही म्हणतेय, त्या कागदापासनं." मी त्यांच्या मागून चालले होते. इतके समजले की सोमवारी ह्यांतल्या निम्म्या येणार नाहीत. का येणार नाहीत ते समजेना.

ते सासूबाईंनी समजावले, रविवारी, मी त्यांच्या डोक्याला तेल लावून देताना. त्या खाली बसल्या होत्या आणि मी मागे पाटावर.

"काय गं," त्या म्हणाल्या, "त्या तुज्या बाईला म्हैन्यातनं दोनदा व्हतंय का काय? मागल्याच आठवड्यात पायरीवर हुत्या म्हनलीस. दवा घ्या म्हनावं. हे बरं न्हवं."

माझा हात त्यांच्या केसांत तसाच राहिला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आता सांगायचं काय त्यात? तूच लिवलंयस म्हनं, बाईस अडचन आली. आख्खी गल्ली बोलतीया. असलं कागदावर लिवतात व्हय? त्या टोकाच्या घरातल्या झोपाळ्यावरच्या म्हाताऱ्यानं घरात मोठ्यांदा वाचून दाखिवलं म्हनं, सुना आत लाजंनं मेल्या."

तेलाची वाटी मी खाली ठेवली. कानापर्यंत तापले. हा शब्द दर खेपेला मी वर्गात ऐकत होते आणि दर महिन्याला मीही त्या शब्दावर उठून पायरीवर जात होते. तरी लिहिताना तो तोच शब्द आहे हे मनात आले नाही. अर्जातली अडचण आणि पायरीवरची अडचण माझ्या डोक्यात दोन निरनिराळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांची गाठच पडली नव्हती. आता सगळे मागून जुळले. वहिनींचे हसणे, अक्काची बोटे, चौथा दिवस, चुलीपुढच्या भाकऱ्या. आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना मावशीने काय सांगितले असेल तेही कळले. मावशीलाही वाचता येत नव्हते. "बाईस अडचन हाय, म्होरलं कागदात हाय," एवढेच सांगून ती खूण घेऊन गेली असणार.

"तिला ताप आहे," मी म्हणाले. "हिवताप. दुसरं काही नाही."

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "मग ताप म्हनून लिवायचं की."

बाईंनी नको म्हटले हे मी सांगितले नाही. आता काय करावे कळेना. दुसरी चिठ्ठी लिहायची तर तिच्यात काय लिहिणार? ताप लिहिला तर बाईंचा शब्द मोडतो. अडचण नव्हती असे लिहिले तर तोच शब्द पुन्हा घरोघर वाचला जातो. रविवारी मावशीही नाही. बाईंना विचारावे तर त्यांना हे सांगायचे कोणत्या तोंडाने? सोमवार उद्या होता. बारा जणी हव्या होत्या.

सासूबाई केस बांधत म्हणाल्या, "तोंडानं सांग जा. कागद ऱ्हाऊ दे आता."

"मी?"

"मग काय मी? लिवताना मी हुते का?"

मग म्हणाल्या, "जा. आज पाच मिन्टं जास्ती झाली तरी चालंल."

पहिल्यांदा अक्काच्या घरी गेले. ओटीवर मागांचा खडखडाट चालला होता आणि अक्काची सासू कांड्या भरत बसली होती. मी काय बोलले ते त्या आवाजात मलाच ऐकू आले नाही. अक्का आतून आली. तिच्या कानाशी जाऊन सांगितले, ताप होता, ते दुसरे नव्हते, शब्द माझा चुकला. अक्का भिंतीला टेकून इतकी हसली की खाली बसली. तिने सासूला तेलुगूत सांगितले. त्यातला "जरम", म्हणजे ज्वर, एवढा शब्द मला कळला. सासू काही बोलली आणि पुन्हा कांडी भरू लागली.

"काय म्हणाल्या?"

"म्हन्ती, ताप तर पैलवानालाबी येतोय, त्यात लपवायचं काय? अन् माझी बोटं फुकट मोजली. येते की मी सोमवारी."

पैलवानाचे वाक्य मी धरून ठेवले. पुढच्या घरांत तेच वापरले.

झोपाळ्यावरच्या म्हाताऱ्यांचे घर मी सगळ्यांत शेवटी ठेवले होते. ते मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांच्या दोन सुना वर्गाला येत. दोघींना बंदी झाली होती. ते झोपाळ्यावर होते आणि त्यांची बायको, त्या सुनांची सासू, दारात उभी राहिली.

"आणखी काय लिहून आणलंस?" ती म्हणाली. "आमच्या घरात पुरुषमाणसं आहेत."

मी उंबऱ्याकडे पाहून बोलले. "बाईंना हिवताप होता. मी अर्जातला शब्द लिहिला. घरगुती अडचण लिहितात तसा. घरगुती तेवढे गाळले."

झोपाळा थांबला.

"मी काय म्हणत होतो?" म्हातारे आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले. "तीस वर्षं मी रजेचे अर्ज वाचले. अडचण म्हणजे अडचण. बाप मेला तरी अडचण आणि बैल हरवला तरी अडचण. ह्या बायकांनी त्याचं काय केलं ते देव जाणे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण मुली, घरगुती गाळू नये. एक शब्द गाळला की अर्ज नागवा होतो."

त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी झोपाळा पुन्हा सुरू केला. ती मला म्हणाली, "थोरलीला पाठवीन. धाकटीचं बघू."

अंधार पडायच्या आत मी नऊ घरे केली. जन्मात इतके बोलले नव्हते. घरी आले तेव्हा माझाच घसा बसला होता आणि सासूबाईंनी न विचारता गरम पाण्याचा तांब्या पुढे केला.

सोमवारी तीनला बाई शाल पांघरून भावाच्या हाताला धरून आल्या. त्यांना खुर्ची दिली. कोयनेलने त्यांच्या कानांत घंटा वाजत होत्या आणि आम्ही काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नव्हते, त्यामुळे चिठ्ठीचे रामायण त्यांना तेव्हा कोणीच सांगू शकले नाही. "सोपंच घेऊ आज," त्या म्हणाल्या. "आज अडचण कुणाला?"

खोलीत कोणीतरी फस्सकन हसले. बाई गोंधळून आमच्याकडे पाहू लागल्या. मागच्या दोघी उठून पायरीवर जाऊन बसल्या. त्यांत म्हाताऱ्यांची धाकटी सून होती. ती आली हेच मला मोठे वाटले.

आम्ही गुडघ्याला कपाळ टेकवून बसलो असताना शाळेच्या मोठ्या बाई आल्या. बाहेर ओसरीवर शिवणाच्या मुलींचा गलका चालला होता. मोठ्या बाईंनी बोट हवेत हलवत मोजले. "दहा," त्या म्हणाल्या.

बाईंना ऐकू गेले नाही. त्या हसल्या. वहिनी माझ्या शेजारी होत्या. त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी मला नुसते कोपराने ढोसले.

मी उठून उभी राहिले. "बारा आहेत," मी म्हणाले. "दोघी पायरीवर आहेत. त्यांना अडचण आहे."

मोठ्या बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिले. फळ्यावरची प्रत त्यांनी वाचली होती, आणि मागाहूनचेही त्यांच्या कानावर आले असावे.

"खरी," त्या म्हणाल्या, "का चिठ्ठीतली?"

"खरी."

सगळ्या खाली माना घालून हसत होत्या, सतरंज्या हलत होत्या. मोठ्या बाईंनी दाराबाहेर डोकावून त्या दोघींना पाहिले. "बारा," त्या म्हणाल्या. "खोली राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या सोमवारीही मुलींना बाहेर बसवते. पण चिठ्ठ्या आता मला दाखवून पाठवा." आणि गेल्या.

बाईंना काय झाले ते कळले नव्हते, पण मोठ्या बाईंनी होकाराची मान हलवलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी शाल आवळून घेतली आणि शवासन सांगितले. मी पडले. वरच्या कौलांतून उजेडाची एक रेघ येत असे, ती माझ्या पायावर होती. वहिनी घोरू लागल्या.

निघताना पायरीवर धाकटी सून माझ्या शेजारून लुगडे झटकत उठली.

"मला काही अडचण नव्हती हो," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंनी आसनं करायची नाहीत म्हणून बजावलं होतं. मामंजी म्हणाले, मग बघायला तर जाऊ दे. म्हणून बसले पायरीवर. तुम्ही बोललात तेव्हा मी गप्प राहिले. चुकलं का माझं?"

तिची ती अडचणच होती, मी म्हणाले त्या अर्थाने नव्हती, एवढेच. मग मोठ्या बाईंना मी खरे सांगितले की खोटे? वाटभर मी तोच हिशेब करत होते, आणि आज हे लिहितानाही तिला धरून बारा म्हणायच्या की तिच्यावाचून अकरा, हे मला ठरवता आलेले नाही.